आजीला ‘तू’ की ‘तुम्ही’? एका बर्थडे मेसेजचं भाषांतर

आजचा विषय छोटासा आहे. सात ओळींचा एक मेसेज. माझी मावसबहीण अमेरिकेत वाढली. तिला मराठी ऐकून कळतं, पण लिहिता येत नाही. आजीच्या ८१व्या वाढदिवसाला तिने इंग्रजीत मेसेज लिहिला आणि मला म्हणाली, “दादा, मराठी करून दे ना.” मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम.

दोन मिनिटांत मी हे केलं:

“प्रिय आजी, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. तुम्ही जगातील सर्वोत्तम आजी आहात. आपण आमच्यासाठी केलेल्या सर्व गोष्टींबद्दल धन्यवाद. तू मला भाकरी थापायला शिकवलेस, आता मी छान भाकरी थापतो. मला तुझा अभिमान आहे. माझे तुझ्यावर प्रेम आहे. शतायुषी हो.”

आईने वाचलं आणि म्हणाली, “ही आजी आहे की सोसायटीची चेअरमन? वाचून तिला वाटेल, नात परकी झाली.”

आता बघा काय झालं होतं. इंग्रजीत ‘यू’ एकच. मी त्याचे तीन तुकडे केले: तुम्ही, आपण आणि तू. एकाच मेसेजमध्ये! शिवाय इंग्रजीतल्या ‘आय’ला लिंग नसतं, म्हणून मेसेज बहिणीचा असूनही मी बिनधास्त ‘थापतो’ लिहून मोकळा.

मग तू की तुम्ही? याची एक सोपी टेस्ट आहे. आजीला हाक कशी मारता? “अगं आजी” म्हणत असाल तर तू, “अहो आजी” म्हणत असाल तर तुम्ही. आमच्याकडे ‘अगं’. अशा घरात अचानक ‘तुम्ही’ आलं की आदर वाढत नाही, अंतर वाढतं. पण काही घरांत आजीला ‘अहो’च म्हणतात, तिथे ‘तुम्ही’तही तेवढीच माया असते. एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच. नुसतं सर्वनाम बदलून भागत नाही, क्रियापदाचं शेपूटही बदलतं: तू केलंस, तुम्ही केलंत. माझ्यासारखे लोक फाइंड-रिप्लेस मारतात आणि नेमके तिथेच पकडले जातात. “तुम्ही किती केलंस” वाचलं की समजायचं, कुणीतरी घाईत बदललंय.

पण तू म्हटल्यावर आदर कुठे जातो? तो नमस्कारात जातो. जुनी पत्रं आठवा. वर ‘ती. आईस’ म्हणजे तीर्थरूप, मग साष्टांग नमस्कार, आणि खाली सरळ “तू कशी आहेस?” मान मायन्यात, माया मजकुरात. ‘प्रिय’ हे त्या पद्धतीत बरोबरीच्यांसाठी. आज कुणी ‘ती.’ लिहीत नाही, पण “वाकून नमस्कार” अजून छान चालतं. ‘हार्दिक शुभेच्छा’ चूक नाही, फक्त चौकातल्या फ्लेक्सची आठवण येते.

दुसरी गोष्ट म्हणजे दिशा. “शतायुषी हो” हा आशीर्वाद आहे, मोठ्यांनी लहानांना द्यायचा. नातीने आजीला दिला की उलटा प्रकार. तिथे ‘लाभो’ कामाला येतं: “तुला निरोगी आयुष्य लाभो.” हे देवाकडे मागणं झालं, त्यामुळे लहान-मोठ्याचा प्रश्नच नाही. “मला तुझा अभिमान आहे” याचंही तसंच. नात आजीला मार्क देतेय असं वाटतं.

आणि ‘आय लव्ह यू’? शब्दशः केलं तर सिनेमातला डायलॉग होतो. ‘थँक यू’चं ‘धन्यवाद’ केलं तर बँकेचं पत्र. घरात आपण हे नाव घेऊन बोलतच नाही. “आठवण येते” म्हणतो, “किती केलंस” म्हणतो. म्हणून ती वाक्यं काढली आणि भाकरी वर आणली, कारण अख्ख्या मेसेजमध्ये तेवढी एकच गोष्ट फक्त त्या दोघींची होती. बहिणीला फोन केला, “आता भाकरी जमते का गं?” म्हणाली, “फुगते!” ते घातलं.

फायनल व्हर्जन:

“अगं आजी, वाढदिवसाचा वाकून नमस्कार! आज तुझी खूप आठवण येतेय. व्हिडिओ कॉलवर तू मला भाकरी थापायला शिकवलंस, आता माझीही भाकरी टम्म फुगते. आमच्यासाठी किती केलंस तू! तुझ्यासारखी आजी कुणाकडेच नाही. तुला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, आणि तुझा हात असाच आमच्या डोक्यावर राहू दे.”

हेच सोसायटीतल्या शेजारच्या आजींना पाठवायचं असेल, तर मात्र तू नको. ‘अगं’ जाईल, “शिकवलंत, केलंत, तुम्हाला, तुमचा” असं सगळं बदलेल. नमस्कार आणि ‘लाभो’ तसेच राहतील.

आजीने मेसेज दोनदा वाचून घेतला म्हणे, चष्मा लावून. मग बहिणीला व्हॉइस नोट आली, अकरा सेकंदांची: “फुगते ना? मग आता फोटो पाठव. आणि पीठ कोमट पाण्यात मळ गं, गार पाण्यात नको.”