हायड्राइड क्षपणकारके

सोडियम बोरोहायड्राइड (NaBH₄) व लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड (LiAlH₄) यांच्या क्षपणशक्तीतील भेद एथिल ४-ॲसिटिलबेंझोएट या संयुगावरून चांगला कळतो, कारण त्यात कीटोन व एस्टर असे दोन्ही गट असतात. थंड एथेनॉलात पहिल्याने केवळ कीटोन गटाचे अल्कोहॉल होते. अवरक्त वर्णपटातील १,६८५ सेंमी.⁻¹ जवळचा कीटोनाचा पट्टा नाहीसा होतो. १,७२० जवळचा एस्टराचा मात्र टिकतो. कोरड्या ईथरामध्ये दुसरे पुरेशा प्रमाणात वापरल्यास दोन्ही पट्टे जातात व डायॉल मिळते. Al–H बंध B–H पेक्षा अधिक ध्रुवीय असल्याने तो मंद विक्रियाशील एस्टरालाही हायड्राइड देतो. याच कारणाने ते पाणी वा एथेनॉल यांच्याशी जोराने विक्रिया करून हायड्रोजन मुक्त करते व आग लागू शकते. म्हणून विक्रियेअखेरीस उरलेले क्षपणकारक थंड स्थितीत, पाणी थेंबाथेंबाने घालूनच नष्ट करतात.