फोटोतला आठ बेरजेत का नाही?

आमच्या क्लासमध्ये एक्सेल शिकायला येणारा एक मुलगा सकाळी गावातल्या दूध संकलन केंद्रावर काम करतो. कॅन मोजायचा, फॅट लावायचं, आकडे संगणकात भरायचे. एका सकाळी त्याने मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘सर, बेरीज जुळत नाही. एकशे तीन नंबरला पैसे जास्त लागलेत.’ तो फोटो मी नंतर शिकवण्यासाठी वापरला. दर सोपे केले, सभासद पाचच ठेवले आणि D, E, F हे तीन रकाने आणि बेरजेची सातवी ओळ झाकून टाकली. मुलांना सांगितलं की संगणक सुरू करायचा नाही. फोटो बघा आणि झाकलेल्या प्रत्येक चौकटीत काय येईल ते पेन्सिलीने लिहा.

फोटोत दिसतं ते असं. A मध्ये सभासद क्रमांक, B मध्ये लिटर, C मध्ये फॅट. उजवीकडे G आणि H मध्ये दरपत्रक, म्हणजे कोणत्या फॅटला लिटरमागे किती रुपये.

```
      A      B     C         G     H
2   101     12   3.5       3.0    30
3   102     10   4.0       3.5    32
4   103   8      4.2       4.0    34
5   104     15   2.9       4.5    36
6   105    9.5   4.8
```

खरं दरपत्रक यापेक्षा मोठं असतं, त्यात एसएनएफही धरतात. इथे फक्त फॅट घेऊ. D मध्ये दर, E मध्ये रक्कम आणि F मध्ये दहा लिटर किंवा त्याहून जास्त दूध घालणाऱ्याला लिटरमागे एक रुपया वाढीव. सूत्रं अशी आहेत, आणि वरची तीन सहाव्या ओळीपर्यंत खाली ओढली आहेत.

```
D2:  =VLOOKUP(C2,$G$2:$H$5,2,TRUE)
E2:  =B2*D2
F2:  =IF(B2>=10,B2*1,0)
B7:  =SUM(B2:B6)
E7:  =SUM(E2:E6)
F7:  =SUM(F2:F6)
```

फोटोत आणखी एक गोष्ट आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कर्सर C3 वर आहे आणि वरच्या फॉर्म्युला बारमध्ये 3.96 दिसतंय.

दुसरी ओळ सरळ आहे. VLOOKUP फॅट घेऊन दरपत्रकाच्या पहिल्या रकान्यात जातो. शेवटी TRUE असल्यामुळे तो तंतोतंत तोच आकडा मागत नाही. दिलेल्या फॅटपेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा आकडा शोधतो आणि त्या ओळीतला दुसऱ्या रकान्याचा दर आणतो. केंद्रावरची रीतही हीच असते, पुढच्या पायरीला पोचला नाहीत तर मागच्या पायरीचा दर. ३.५ ला दर ३२, बारा लिटरचे ३८४, वाढीव १२. यासाठी दरपत्रक चढत्या क्रमाने लावलेलं हवं. ते विस्कटलं तर TRUE वाला VLOOKUP चुकीचा दर देऊ शकतो आणि तक्रारही करत नाही.

तिसऱ्या ओळीत, म्हणजे D3 मध्ये, वर्गातल्या बहुतेकांनी ३४ लिहिलं. समोर ४.० दिसतंय, तर दर चाराचाच लागणार. पण चौकटीत ३.९६ आहे. कुणीतरी C रकान्याला एकच दशांश दाखवायला सांगितलंय, म्हणून एक्सेल ते ४.० असं दाखवतो. हिशोब मात्र ३.९६ धरूनच करतो. तेव्हा दर ३२, रक्कम ३२०. हे सूत्र चुकलेलं नाही, नियमाप्रमाणे दर बरोबर आहे. तरी या ओळीची छापील पावती शेतकऱ्याच्या हाती गेली की त्यावर फॅट ४.० आणि दर ३२ असतो, आणि त्याच्या दृष्टीने आपले वीस रुपये कुणीतरी खाल्लेले असतात. त्याचा राग मला अगदी रास्त वाटतो. ज्या आकड्यावर पैसे ठरतात तो जसा आहे तसाच दिसला पाहिजे. C रकान्याला दोन दशांश दिले की हा वाद उरत नाही.

चौकटीत एक गोष्ट साठवलेली असते आणि दुसरी दिसत असते, हे काही आजचं नाही. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली अॅपल टू संगणकासाठी ‘व्हिसिकॅल्क’ आणलं, तेव्हापासून तक्त्यात उत्तर दिसतं आणि चौकटीत खरं काय आहे ते वरच्या ओळीत. फोटोवरून उत्तर सांगायचं असेल तर नजर आधी वरच्या त्या ओळीकडे गेली पाहिजे. अडचण एवढीच की फोटोत ती ओळ एकाच चौकटीची असते. बाकीच्या चौकटींबद्दल खुणांवरून अंदाज बांधावा लागतो.

अशी एक खूण चौथ्या ओळीत आहे आणि खरी गंमत तिथेच आहे. B रकान्यातले सगळे आकडे उजव्या कडेला टेकलेत, एकटा ८ डावीकडे आहे. एक्सेल काही न सांगता आकडा उजवीकडे लावतो आणि मजकूर डावीकडे. म्हणजे हा आठ आकडा नाही, आठ या अंकाचं अक्षर आहे. असा आठ येतो तरी कुठून? कधी आधी कुणी ' असं चिन्ह टाकलेलं असतं, कधी चौकटीचा प्रकार आधीच ‘टेक्स्ट’ ठेवलेला असतो, कधी मेसेजमधून आकडा उचलून चिकटवलेला असतो. अशा चौकटीच्या कोपऱ्यात बहुधा छोटा हिरवा त्रिकोण येतो, पण मोबाइलच्या फोटोत तो दिसेलच असं नाही.

आता हा एकच आठ तीन सूत्रांमध्ये तीन वेगळ्या तऱ्हेने वागतो. E4 मध्ये गुणाकार आहे. गुणायचं म्हटलं की एक्सेल मजकुरातला आठ स्वतःच आकडा करून घेतो, म्हणून ८ गुणिले ३४, उत्तर २७२. अगदी बरोबर, संशयाला जागाच नाही. F4 मध्ये विचारलंय, B4 दहा किंवा जास्त आहे का? तुलना करताना एक्सेल मजकुराचा आकडा करत नाही. त्याच्या क्रमात कोणताही मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा असतो. म्हणून ‘८’ हा दहापेक्षा मोठा ठरतो, अट खरी निघते आणि आठ लिटरवाल्याला आठ रुपये वाढीव मिळतात. आठाच्या जागी मजकूर म्हणून एक लिहिला असता तरी अट खरीच ठरली असती. त्या मुलाचा ‘एकशे तीनला जास्त लागलेत’ हा निरोप इथला.

आणि B7? SUM ला चौकटींची रांग दिली की तो तिच्यातला मजकूर गपचूप वगळतो. बारा, दहा, पंधरा आणि साडेनऊ, बेरीज ४६.५. कॅनमध्ये दूध ५४.५ लिटर आहे. हिशोबात आठ लिटर कमी दिसतं आणि पहिला संशय जातो मोजणाऱ्या पोरावर.

त्या दिवशी वर्गात एका मुलीने विचारलं, ‘सर, मग SUM ऐवजी B2+B3+B4 असं लिहिलं तर?’ तर आठ मोजला जाईल, कारण अधिकचं चिन्हही गुणाकारासारखंच मजकुराचा आकडा करून घेतं. मला तो प्रश्न फार आवडला. त्यावरून ओळखायची परीक्षाही ठरवता येते. ८ ला एकाने गुणून पाहणं ही परीक्षा नव्हे, उत्तर आठच येणार. एका रिकाम्या चौकटीत =ISNUMBER(B4) लिहायचं. FALSE आलं की तो मजकूर. रकाना कुणी मध्यभागी लावून ठेवला असेल, तर डावी-उजवी बाजू पुसली जाते आणि तेव्हा हीच परीक्षा कामी येते.

दुरुस्तीतही एक फसवी जागा आहे. चौकटीचा प्रकार बदलून ‘नंबर’ केला की काम झालं असं वाटतं, पण आत पडलेला आठ मजकूरच राहतो. तो पुन्हा टाइप करावा लागतो. रकानाभर असे आकडे असतील तर रकाना निवडून ‘डेटा’मधलं ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडायचं आणि थेट ‘फिनिश’ दाबायचं.

पाचव्या ओळीत फॅट २.९. दरपत्रक ३.० पासून सुरू होतं, त्याच्या खाली पायरीच नाही. D5 मध्ये #N/A येतं, त्याला पंधराने गुणलं तरी E5 मध्ये #N/A. F5 चा दराशी संबंध नाही, म्हणून तिथे १५ व्यवस्थित येतात. सहाव्या ओळीत ४.८ ला ३६, रक्कम ३४२, वाढीव शून्य.

E7 साठी बऱ्याच जणांनी बेरीज करायला घेतली होती. तिथे #N/A येतं. SUM मजकूर सोडून देतो, पण चूक सोडत नाही. मला हे योग्यच वाटतं. पंधरा लिटरचा दर ठरलेला नसताना दिवसाची एकूण रक्कम सांगणं म्हणजे थाप मारणंच. E5 मध्ये IFERROR लावून शून्य आणलं तर E7 मध्ये १३१८ येतील आणि एकशे चार नंबरच्या सभासदाचं पंधरा लिटर दूध फुकट गेलेलं कुणाला दिसणारही नाही. F7 मात्र ४५ दाखवतं, यायला हवेत ३७.

शेवटी मुलांना त्याच फोटोवर एक बदल करून दिला. D2 मधली डॉलरची चिन्हं काढली आणि सूत्र पुन्हा खाली ओढलं, तर काय होईल? डॉलर नसले की ओळीबरोबर दरपत्रकाची चौकटही एकेक पायरी खाली सरकते. तिसऱ्या ओळीत ती G3 पासून सुरू होते, तरी ३.५ हाती असतो, म्हणून ३२ बरोबर. चौथ्यात G4 पासून, तिथे ४.० आहे, ३४ बरोबर. पाचव्यात आधीही #N/A होतं, आताही तेच. सहाव्या ओळीत चौकट G6 ते H9 वर पोचते. तिथे काहीच नाही. D6 मध्ये #N/A येतं.

म्हणजे वरच्या दोन-तीन ओळी तपासून ‘सूत्र बरोबर आहे’ म्हणणारा इथे फसतो. त्या मुलाने हे ऐकल्यावर केंद्राची मूळ फाइल उघडली आणि सर्वांत खालच्या ओळीतल्या सूत्रावर जाऊन आधी डॉलर बघितले. होते. मग आमच्या पाच सभासदांच्या तक्त्यात त्याने B4 मध्ये आठ पुन्हा टाइप केला. तो उजवीकडे सरकला, B7 मध्ये ५४.५ आले आणि F4 शून्य झालं.