भर पावसातल्या घाटकोपरचा रंग कोणता?

घाटकोपर स्टेशनबाहेरचा रिक्षा स्टँड भर पावसात मोबाइलवर टिपला, तर त्या चित्राचा रंग कोणता म्हणायचा? पाहणारा माणूस पटकन ‘निळा’ म्हणेल, कारण दुकानांवर ताणलेली ताडपत्री त्याच्या डोळ्यांत भरते. संगणकाला विचारलं तर उत्तर येतं ‘करडा’. टीव्हीच्या मागे लावलेला दिवा पडद्यावरच्या रंगाप्रमाणे बदलायचा असेल, तर या दोन उत्तरांमधलं अंतर कापावं लागतं. फिलिप्स कंपनीने 2004 साली असे दिवे टीव्हीतच बसवून विकायला सुरुवात केली. आज लॅमिंग्टन रोडवरून आणलेली एलईडी पट्टी आणि ffmpeg हा मोफत प्रोग्रॅम यांच्या जोरावर तेच काम घरी करता येतं. पट्टी चिकटवणं सोपं आहे. खरी गंमत रंग निवडण्यात आहे.

मोबाइलच्या फुल एचडी व्हिडिओत एका फ्रेममध्ये 20 लाख 73 हजार 600 पिक्सेल असतात. दिव्याला एवढा तपशील काय करायचा? म्हणून ffmpeg कडून चित्र आधी 32 बाय 18 घरांचं करून घ्यायचं. मूळ चित्रातले 60 बाय 60 पिक्सेल मिसळून एक घर तयार होतं आणि फ्रेमची एकूण 576 घरं होतात. सेकंदाला 10 फ्रेम पुरतात.

```
ffmpeg -v error -i paus.mp4 -vf "fps=10,scale=32:18:flags=area" -f rawvideo -pix_fmt rgb24 paus.rgb
```

यातून निघणाऱ्या फाइलमध्ये चित्र नसतं, नुसते आकडे असतात. प्रत्येक घराचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन, म्हणजे एका फ्रेमचे 1,728 बाइट. मिनिटभराच्या व्हिडिओचा ऐवज जेमतेम एक एमबी भरतो.

आता रिक्षा स्टँडची एक फ्रेम घेऊ. समजा, 576 पैकी 330 घरांत ओला रस्ता आणि आभाळ आहे, रंग (120, 120, 118). 120 घरांत ताडपत्री, (30, 90, 190). 60 घरांत रिक्षांचे पिवळे टप, (225, 180, 30). उरलेल्या 66 घरांत जवळजवळ काळा, (20, 20, 20). सगळ्यांची सरासरी काढली तर (101, 109, 113) मिळते. हा मळकट करडा रंग त्या फ्रेममध्ये कुठेही नाही. पिवळा आणि निळा एकमेकांना खोडून काढतात आणि भिंतीवर धुरकट उजेड पडतो. सरासरीऐवजी सर्वाधिक घरं कोणाची हे मोजलं, तर रस्ताच जिंकतो आणि उत्तर पुन्हा करडं येतं. उपनगरातल्या पावसाळ्याचं जवळजवळ प्रत्येक दृश्य या दोन्ही पद्धतींना सारखंच दिसेल.

यावरचा तोडगा मला फार देखणा वाटतो. प्रत्येक घराला एक मत न देता त्याच्या रंगीतपणाइतकी मतं द्यायची. रंगीतपणा म्हणजे तीन आकड्यांतल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक. रस्त्याच्या घराला 2 मतं, ताडपत्रीच्या घराला 160, रिक्षाच्या टपाला 195, काळ्याला शून्य. बेरीज केली की रस्ता 660, टप 11,700 आणि ताडपत्री 19,200. ताडपत्री निवडून येते, म्हणजे माणसाने दिलेलंच उत्तर. अर्थात ताडपत्रीच्या सुरकुत्यांमुळे प्रत्यक्षात घराघरांत रंग थोडा बदलतो. म्हणून जवळपासचे रंग एका खणात टाकावे लागतात. प्रत्येक आकडा 32 ने भागला की एकूण 512 खण होतात. ज्या खणाला सर्वाधिक मतं, त्यातल्या घरांची सरासरी हा त्या फ्रेमचा रंग:

```
import numpy as np
f = np.fromfile("paus.rgb", np.uint8).reshape(-1, 576, 3)
for p in f.astype(int):
    w = p.max(1) - p.min(1)
    k = (p // 32) @ [64, 8, 1]
    b = np.bincount(k, w, 512).argmax()
    print(p[k == b].mean(0).round())
```

निवडलेला रंग जसाच्या तसा पट्टीला पाठवला की पहिली निराशा होते. पडद्यावर गडद निळी ताडपत्री आणि भिंतीवर फिकट आकाशी उजेड! कारण व्हिडिओतले आकडे डोळ्याच्या सोयीने लिहिलेले असतात. पडद्यावर 90 या आकड्याचा अर्थ पूर्ण उजेडाच्या साधारण 10 टक्के असा होतो. एलईडी मात्र सरळ हिशेब करते आणि 255 पैकी 90 म्हणजे 35 टक्के उजेड देते. हिरवा असा साडेतीन पट झाला की निळ्याचं आकाशी होतं. म्हणून प्रत्येक आकडा 255 ने भागायचा, त्याचा 2.2 वा घात घ्यायचा आणि पुन्हा 255 ने गुणायचं. मग (30, 90, 190) चं (2, 26, 133) होतं आणि भिंतीवर ताडपत्रीचा निळा उतरतो. भिंतीवरचा उजेड सतत पांढुरका वाटत असेल, तर बहुतेक वेळा हीच पायरी राहिलेली असते.

दुसरा दोष दृश्य स्थिर असताना दिसतो. कॅमेरा हललेला नाही, तरी दिवा दोन छटांमध्ये लुकलुकतो. ताडपत्रीचा रंग नेमका दोन खणांच्या सीमेवर पडलेला असतो. वाऱ्याने कापड हललं की मतं इकडची तिकडे जातात आणि विजेता फ्रेमागणिक बदलतो. नव्या खणाला जुन्यापेक्षा निदान चतुर्थांश जास्त मतं मिळाल्याशिवाय सत्तांतर होऊ द्यायचं नाही, हा उपाय चांगला चालतो. शिवाय प्रत्येक वेळी जुन्या रंगाचे चार भाग आणि नव्याचा एक भाग मिसळला, तर दिवा तीन फ्रेममध्ये, म्हणजे 0.3 सेकंदात, निम्म्या वाटेवर पोहोचतो. डोळ्याला हा बदल मऊ वाटतो. दृश्यच तुटून दुसरं सुरू होतं तिथे मात्र मिसळण थांबवून सरळ उडी मारावी, नाहीतर रात्रीच्या प्रसंगावर आधीच्या उन्हाचा पिवळेपणा रेंगाळतो.

‘श्यामची आई’ (1953) सारख्या कृष्णधवल चित्रपटापुढे ही मतमोजणी हात टेकते. चित्रात शुद्ध करडा असेल तर सगळी मतं शून्य, आणि वरचा कोड एकतर काळा रंग देतो नाहीतर आकडाच देत नाही. प्रतीला किंचित पिवळट झाक असेल तर आणखी पंचाईत, कारण दोन-तीन मतांच्या फरकावर भलताच खण निवडून येतो. म्हणून एकूण मतं फारच कमी पडली, तर रंग सोडून नुसता सरासरी उजेड घ्यावा. तेव्हाही कडेच्या काळ्या पट्ट्या सांभाळाव्या लागतात. जुन्या 4:3 चौकटीचा चित्रपट आजच्या रुंद पडद्यावर पाऊण भागच व्यापतो. उरलेला पाव भाग काळा असल्याने सरासरी तेवढीच खाली येते. ffmpeg चा cropdetect हा फिल्टर या पट्ट्या ओळखून `crop=1440:1080:240:0` असं माप सांगतो. ते आधीच्या आज्ञेत scale च्या अगोदर घालावं, आणि उरलेलं चित्र आता 4:3 असल्याने घरं 24 बाय 18 करावीत. एका फ्रेमची घरं मग 432 होतात, तेव्हा कोडमधला 576 हा आकडाही बदलायचा.

अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंत चित्रपटाचे रंग ठरवणारे लोक मात्र मॉनिटरमागे असा बदलता दिवा लावत नाहीत. तिथे 6500 केल्विनचा, कोणतीही छटा नसलेला मंद पांढरा उजेड असतो. कडेला निळा असला की मधला करडा किंचित पिवळसर भासतो, आणि ज्याला करडा अचूक जोखायचा आहे त्याला हे परवडत नाही. मला त्यांचं म्हणणं पटतं, म्हणून घरीही दिव्याची तीव्रता मी कमीच ठेवतो. ताडपत्रीचा निळा खोलीत पसरावा, पण पडद्यावरच्या रस्त्याला पिवळसर करू नये.

भिंतीच्या रंगाचाही हिशेब करावा लागतो. पट्टीला (255, 255, 255) पाठवायचं आणि भिंतीवरचा उजेड पडद्यावरच्या कोऱ्या पांढऱ्या चित्राशी ताडून पाहायचा. क्रीम रंगाच्या भिंतीवर तो पिवळट दिसतो, कारण भिंत निळा गिळते. मग लाल आणि हिरवा थोडे थोडे उतरवत जायचं, दोन्ही पांढरे जुळेपर्यंत. समजा लाल 0.85 आणि हिरवा 0.9 पटीवर जुळले, तर याच पटी पुढे प्रत्येक रंगाला लावायच्या, त्याही 2.2 चा घात घेतल्यानंतर. आधी लावल्या तर पटीचाही घात होतो आणि 0.85 चं जवळजवळ 0.7 होऊन बसतं.