कोरड्या कुकरातला केक

कुकरचं सगळं काम पाणी आणि वाफ यांच्या जोरावर चालतं. केक करायचा असेल तर नेमक्या याच दोन गोष्टी बाजूला ठेवाव्या लागतात. पाणी घालायचं नाही, शिट्टी लावायची नाही, रबरी रिंगही काढून ठेवायची. मग हाती उरतं ते एक जाड, खोल भांडं आणि त्यात कोंडलेली गरम हवा. केकला हवी असते ती हीच कोरडी, चहूबाजूंनी लागणारी उष्णता.

वाफेवर केक होत नाही असं नाही. पण साध्या वाफेचं तापमान 100 अंश सेल्सियसच्या पुढे जात नाही आणि शिट्टी लावलेल्या कुकरातही ते साधारण 120 अंशांवर थांबतं. एवढ्यात पीठ शिजतं, फुगतं, पण ढोकळ्यासारखं ओलसर आणि पांढुरकं राहतं. केकची तांबूस कड आणि भाजल्याचा खमंग वास यायला पृष्ठभाग 140 अंशांच्या वर जावा लागतो. म्हणून केक भाजताना आजूबाजूची हवा 170 ते 180 अंशांवर ठेवतात. केकच्या पोटात मात्र तापमान जेमतेम 100 अंशांच्या आसपास पोचतं, कारण तिथे ओलावा असतो. बाहेरची आच कडेकडून हळूहळू मध्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तो वेळ देणं हेच भाजण्याचं कौशल्य.

ओव्हनमध्ये ही आच वरून, खालून आणि बाजूंनी मिळते. गॅसवर ती फक्त खालून मिळते. कोकणात धोंडस करताना झाकणावरही निखारे ठेवत, गोव्यात बेबिंकाचे थर वरच्या आचेवर भाजत. गॅसच्या शेगडीवर ती सोय नाही. कुकरातल्या केकची सगळी मांडणी या एका उणिवेला उत्तर म्हणून आहे: खालची आच थेट डब्याला लागू द्यायची नाही, ती पसरवायची आणि भांड्याच्या भिंतींतून, हवेतून केकपर्यंत न्यायची.

त्यासाठी कुकरच्या तळाला मिठाचा दीड-दोन सेंटिमीटरचा थर पसरावा. पाच लिटरच्या कुकरात दोन-अडीच वाट्या मीठ लागतं. ज्योतीच्या वर्तुळापुरती तापलेली जागा हा थर सगळीकडे सारखी करतो, शिवाय उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे झाकण क्षणभर उघडलं तरी कुकर एकदम थंड पडत नाही. जाड मीठ तापताना तडतडतं. खड्यांत अडकलेला ओलावा बाहेर पडतो त्याचा तो आवाज, त्याला घाबरायचं कारण नाही. बारीक मीठ कमी तडतडतं. स्वच्छ धुऊन वाळवलेली वाळूही चालते. वापरलेलं मीठ स्वयंपाकात घालू नये, पण पुढच्या केकसाठी तेच पुन्हा वापरता येतं. ते कुकरात तसंच ठेवू नये, मात्र. दमट मिठाने अॅल्युमिनियमला खड्डे पडतात. गार झालं की काढून बरणीत भरावं.

मिठावर स्टँड ठेवायचं. कुकरची जाळी, धातूची रिंग किंवा उलटी ठेवलेली जाड वाटी, काहीही चालेल, पण डबा मिठापासून दोन-तीन सेंटिमीटर उंच राहायला हवा. बाजूंनाही साधारण तेवढीच जागा हवी. मोठा केक हवा म्हणून कुकरात जेमतेम मावणारा डबा घेतला तर हवा फिरायला वाट उरत नाही आणि केक फक्त खालून भाजला जातो. पाच लिटरच्या कुकरासाठी सहा इंचांचा डबा योग्य. तो अॅल्युमिनियमचा असावा. पातळ स्टीलच्या डब्यात उष्णता सारखी पसरत नाही, त्यामुळे एखाद्या ठिकाणी केक करपतो.

आता झाकणाबद्दल. कुकर रिकामा तापवू नये असं कंपन्यांच्या माहितीपुस्तकांत लिहिलेलं असतं आणि त्याला कारण आहे. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जास्त उष्णतेने वितळावा अशाच बेताने केलेला असतो. कोरड्या आचेत तो निकामी होऊ शकतो, रबरी रिंग कडक होऊन तडकते. म्हणून ज्या कुकरात रोज वरण-भात लावतो तो यासाठी घेऊ नये. दाबासाठी आता वापरात नसलेला जुना कुकर घ्यावा आणि त्याचं मूळ झाकण न लावता वर नीट बसणारं जाड ताट किंवा खोलगट झाकण ठेवावं. खोलगट झाकण पालथं बसलं की त्यावर जमणारं पाणी कडेने ओघळतं, केकवर टपकत नाही. मूळ झाकणच लावायचं तर रिंग आणि शिट्टी काढलेलीच हवी, म्हणजे वाफ शिट्टीच्या भोकातून निघून जाते.

एक साधा, बिनअंड्याचा दह्याचा केक घेऊन वेळेचं गणित पाहू. सहा इंचांच्या डब्यासाठी मैदा 120 ग्रॅम, पिठीसाखर 100 ग्रॅम, ताजं दही 160 ग्रॅम, तेल 75 मिलिलिटर, बेकिंग पावडर चहाचा पाऊण चमचा, खाण्याचा सोडा पाव चमचा, चिमूटभर मीठ आणि थोडा व्हॅनिला इसेन्स. मिश्रण घट्ट वाटलं तर दोन-तीन चमचे दूध.

पहिलं काम डब्याचं. तळाला बटर पेपर घालून आतून तेलाचा हात फिरवावा आणि मैदा भुरभुरावा. मग कुकरात मीठ आणि स्टँड ठेवून, झाकण घालून, मध्यम आचेवर तापायला ठेवावा. याला 10 ते 12 मिनिटं लागतात. कुकर तापत असताना मिश्रणाची तयारी करावी, पण ओलं आणि कोरडं एकत्र करण्याची घाई करू नये. सोड्याचा दह्यातल्या आंबटपणाशी संबंध आला की लगेच बुडबुडे सुटायला लागतात. ते ओट्यावरच विरून गेले तर केक फुगवायला काही उरत नाही. म्हणून एका भांड्यात दही, साखर आणि तेल फेटून ठेवावं, दुसरीकडे मैदा, पावडर, सोडा आणि मीठ चाळून ठेवावं, आणि कुकर तापल्यावरच दोन्ही एकत्र करावं. कोरडं पीठ दिसेनासं झालं की ढवळणं थांबवावं. जास्त फेटलं तर मैद्याला चिकटपणा येतो आणि केक चिवट होतो. मिश्रण चमच्यावरून जाडसर पट्टीसारखं पडायला हवं आणि डबा निम्म्यापर्यंतच भरायला हवा.

डबा चिमट्याने अलगद स्टँडवर ठेवला की झाकण घालून आच अगदी मंद करावी, शक्यतो लहान बर्नरवर. पहिली 25 मिनिटं झाकण उघडू नये. या काळात मिश्रणातले बुडबुडे फुगत असतात, पण त्यांना धरून ठेवणारं पीठ अजून घट्ट झालेलं नसतं. गरम हवा निघून गेली की फुगवटा बसतो आणि मधे खळगा पडतो. 30 मिनिटांनी पहिल्यांदा पाहावं. कडा डब्यापासून सुटू लागलेल्या असतात, मधला भाग बोटाने हलकेच दाबला तर वर येतो, आणि मध्यात खुपसलेली टूथपिक कोरडी किंवा एक-दोन सुक्या कणांसह बाहेर येते. ओलं पीठ चिकटलं तर पाच-पाच मिनिटांनी पुन्हा पाहावं. या मापाच्या केकला एकूण 35 ते 45 मिनिटं लागतात. झाल्यावर डबा लगेच बाहेर काढावा, कारण गॅस बंद केला तरी तापलेलं मीठ तळ भाजतच राहतं. दहा मिनिटांनी कडेने सुरी फिरवून केक पालथा करावा आणि पूर्ण गार झाल्यावरच कापावा. गरम असताना त्याचा गर ओलसर असतो आणि सुरीला चिकटून तुटतो.

वरचा भाग फिकट राहिला म्हणून केक कच्चा आहे असं समजून आच वाढवणं ही नेहमी होणारी गोष्ट, आणि त्यातच तळ करपतो. कुकरात वरून आच नसल्यामुळे माथा ओव्हनइतका तांबूस होतच नाही. पालथा केल्यावर खालची सोनेरी बाजू वर घ्यावी. कच्चेपणा टूथपिकने ठरवावा, रंगाने नव्हे. तळ काळा आणि मध्य ओला असेल तर आच जास्त होती किंवा डबा फार खाली होता. माथा डोंगरासारखा वर येऊन तडकला असेल तरीही दोष आचेचाच: कडा लवकर घट्ट झाल्या आणि मधलं पीठ वाट फोडून वर आलं. तडा न जाता मधेच खळगा पडला असेल तर झाकण लवकर उघडलं, केक आधीच बाहेर काढला किंवा सोडा जास्त पडला. सोडा जास्त झाला की चवही साबणासारखी लागते, त्यावरून ओळखता येतं.

कुकर नसेल तर जाड बुडाची कढई किंवा बिडाचं पातेलं चालतं, मांडणी तीच. कढई पसरट असल्याने आतली हवा तापायला 15 मिनिटं द्यावी. मिश्रण थेट पॅनमध्ये ओतायचं असेल तर पॅन जाड हवा, त्याखाली लोखंडी तवा ठेवायला हवा आणि थर दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. असा पातळ केक मंद आचेवर 25 ते 30 मिनिटांत होतो. नॉनस्टिक भांडं मात्र मिठाखाली रिकामं तापवू नये. 260 अंशांच्या पुढे त्याचा लेप बिघडू लागतो आणि थेट ज्योतीवर ते तापमान यायला वेळ लागत नाही.

या पद्धतीला मर्यादा आहेत. आठ-नऊ इंचांचा जाड केक मध्यापर्यंत शिजेपर्यंत तळ वाळून जातो. ज्या पदार्थांना वरून चांगली आच हवी, ते इथे साधत नाहीत. पण सहा-सात इंचांचा साधा केक, रव्याचा केक, केळ्याचा केक हे सगळं जमतं. प्रत्येक शेगडीची मंद आच वेगळी असते, म्हणून पहिल्या केकच्या वेळी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्या: बर्नर कोणता, नॉब कुठवर फिरवलेला, आणि टूथपिक कोरडी यायला किती मिनिटं लागली. ओव्हनचं छोटं थर्मामीटर स्टँडशेजारी ठेवता आलं तर अंदाजही घ्यावा लागत नाही. काटा 170 ते 180 मध्ये स्थिर राहील तेवढीच ज्योत ठेवायची, आणि पुढच्या केकला तीच.