काफ्का की साधी रांग? मध्यम आकाराच्या ऑर्डर यंत्रणेसाठी

मंडळी, आज वेगावर जास्त बोलणार नाही. जव्हार-मोखाड्याची वारली चित्रं ऑनलाइन विकणारं एखादं दुकान समजा. दिवसाला वीस हजार ऑर्डरी आल्या, तरी सरासरी चार सेकंदांना एक पडते. एवढं काम दोन्ही यंत्रणा आरामात झेपवतात. खरा प्रश्न आहे तो अडलेल्या ऑर्डरीचा.

रॅबिटएमक्यूसारख्या साध्या रांगेत कामगार निरोप उचलतो, काम झालं की पोच देतो आणि निरोप पुसला जातो. प्रत्येक निरोपाची पोच वेगळी असते. २०११ मध्ये लिंक्डइनमधून खुला झालेला काफ्का म्हणजे खरं तर वही आहे. वाचलं तरी पान फाटत नाही, वाचणारा फक्त 'मी इथपर्यंत आलो' अशी खूण ठेवतो. ही वही भागांत विभागलेली असते आणि एका गटातला एकच वाचक एक भाग वाचतो.

आता बघा. कुरिअरचं लेबल काढायला एरवी क्षणभर लागतो. एक दिवस कुरिअरची यंत्रणा मंदावली आणि एका लेबलाला एक सेकंद लागायला लागला. काफ्काच्या मूळ सेटिंगा अशा:

```
max.poll.records=500
max.poll.interval.ms=300000
```

वाचकाने एका खेपेत पाचशे ऑर्डरी उचलल्या, म्हणजे पाचशे सेकंदांचं काम. मुदत मात्र तीनशे सेकंदांची! मुदत टळली की गट त्याला बाहेर काढतो आणि तो भाग दुसऱ्याकडे जातो. खूण पुढे सरकलेलीच नाही, म्हणून दुसराही त्याच पाचशेपासून सुरू करतो. लेबलं दोनदा छापली जातात आणि हे चक्र चालूच राहतं. ओळखायचं कसं? `kafka-consumer-groups.sh --bootstrap-server <host:port> --describe --group <गट>` चालवून `LAG` बघा. वाचक तर चालू दिसतात, पण आकडा वाढतच जातो. खेपेचा आकडा पन्नासवर आणला की हे थांबतं.

रांगेत कामगाराला एकावेळी एकच निरोप घ्यायला सांगता येतं. मग अडलेल्या ऑर्डरीमुळे फक्त तोच कामगार थांबतो, बाकीचे पुढे जातात. पण इथे क्रमाची हमी सुटते: 'रद्द करा' हा निरोप 'ऑर्डर घ्या'च्या आधी पूर्ण होऊ शकतो. काफ्कात ऑर्डर क्रमांक हीच किल्ली ठेवली, तर एका ऑर्डरीचे सगळे निरोप एकाच भागात, क्रमाने राहतात.

माझं मत सांगतो. फक्त लेबल आणि एसएमएस पाठवायचे असतील तर रांगच घ्या. काफ्का सांभाळायला माणूस लागतो, तो पगार कुठून आणायचा? हिशेब, साठा, अहवाल असे तिघे एकाच घटना वाचणार असतील, किंवा हिशेबातली चूक दुरुस्त करून गेल्या आठवड्याच्या ऑर्डरी पुन्हा वाचायच्या असतील, तर काफ्का. त्याची मूळ साठवण सात दिवसांचीच असते, ती मात्र आधीच वाढवून ठेवा.

आणि दोन्हीकडे तोच निरोप दोनदा येऊ शकतो. लेबलांच्या टेबलात ऑर्डर क्रमांकावर युनिक बंधन घाला. दुसरी नोंद डेटाबेसच नाकारेल, आणि ती नोंद झाल्यावरच कुरिअरला विनंती पाठवा.