गच्चीत तळं, घरात ओल

छताला ओल दिसली की वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन जातो. त्याआधी गच्चीवर जाऊन पावसाळी पाइपाचं तोंड पाहा. जाळीवर पाला, प्लॅस्टिकची पिशवी, कबुतरांची पिसं बसली की पाणी तुंबतं. वीस चौरस मीटर गच्चीत पाच सेंटिमीटर पाणी साचलं, तर स्लॅबवर एक टन वजन येतं. पाणी कठड्याच्या वाट्यावर, म्हणजे कडेच्या गोलाईवर चढलं की तिथल्या भेगेतून भिंतीत उतरतं.

जाळी काढा आणि गाळ हातमोजे घालून वर ओढा. काठीने आत ढकललात तर तो खालच्या बेंडमध्ये अडकतो, आणि तिथून काढणं महाकठीण. मग बादलीभर पाणी एकदम ओता. खाली एकाला उभं करा. पाणी धो धो न येता करंगळीएवढंच आलं, तर बेंडचं झाकण उघडावं लागेल.

पाइप मोकळा असूनही डबकं राहतं? मग दोष ढाळाचा. पाऊस थांबल्यावर तासाभराने डबक्याभोवती खडूने रेघ ओढा, पाण्याच्या नळीने लेव्हल तपासा. दहा फुटांना साधारण सव्वा इंच उतार हवा. डबकं छोटं असेल तर तेवढाच कोबा फोडून दुरुस्त करता येतो. नुसता रंगासारखा लेप मारून ढाळ सुधारत नाही.

जाळी मात्र परत बसवा. ती काढून ठेवणारे बरेच असतात.