लाल रेषेकडे बघा, पण कोणत्या?

बारावीच्या अर्थशास्त्राचा एक नेहमीचा व्हिडिओ डोळ्यांपुढे आणा. पांढऱ्या पडद्यावर आलेख आहे. मागणी वक्र लाल, पुरवठा वक्र हिरवा, आणि कुठला रंग कशाचा हे कोपऱ्यातल्या चौकटीत लिहिलेलं. सर सांगतात, "आता लाल रेषेकडे बघा." वर्गातल्या एखाद्या मुलाला तिथे मातकट पिवळ्या-तपकिरी रंगाच्या दोन रेषा दिसतात. कोपऱ्यातल्या चौकटीतही तेच दोन तपकिरी ठिपके. कोणता वक्र वर चढतो आणि कोणता उतरतो हेच त्याला आज शिकायचंय, म्हणजे उतारावरून ओळखायचीही सोय नाही.

आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांपैकी लाल आणि हिरव्याच्या बाजूच्या पेशींत बिघाड असला की हे दोन रंग एकमेकांत मिसळतात. या पेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे हा दोष मुलांत जास्त आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचं प्रमाण सुमारे 8 टक्के आहे, स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आशियात ते थोडं कमी आहे. अनेक मुलांना आपल्याला असं काही आहे हे ठाऊकही नसतं.

आता तोच आलेख दुरुस्त करू. मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी संशोधकांनी रंगांधांनाही वेगळे ओळखू येतील असे आठ रंग निवडले आहेत. त्यांतला निळा `#0072B2` मागणीला द्या आणि शेंदरी `#D55E00` पुरवठ्याला. रेषांची नावं कोपऱ्यात न ठेवता प्रत्येक रेषेच्या टोकाशीच लिहा. पुरवठ्याची रेषा तुटक काढा. मग सर "तुटक शेंदरी रेषा, पुरवठ्याची" असं म्हणाले की रंग कळो न कळो, बोट कुठे आहे ते सगळ्यांना कळतं.

इथे बरेच जण फसतात. रंगसंच चांगला निवडला म्हणून त्यातल्या कोणत्याही रंगात अक्षरं लिहिली तर चालतील, असं त्यांना वाटतं. अक्षर वाचता येतं ते मुख्यतः उजळपणाच्या फरकामुळे, आणि तो फरक मोजता येतो. पांढऱ्यावर काळं म्हणजे 21:1, सर्वांत जास्त. वेबसाठीच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराला निदान 4.5:1 आणि मोठ्या अक्षरांना 3:1 हवं. वरचा निळा पांढऱ्यावर 5.2 देतो, म्हणजे पास. शेंदरी 3.9 वर अडकतो: रेषेला चालेल, छोट्या अक्षरांना नाही. त्याच संचातला पिवळा तर पांढऱ्यावर जेमतेम 1.3, वाचताच येणार नाही. म्हणून रेषा रंगीत ठेवा आणि त्यांची नावं काळ्यात लिहा. पिवळ्याचा मोह आवरत नसेल तर पार्श्वभूमी गडद करा.

फळ्यासारखी गडद हिरवी पार्श्वभूमी अनेकांना आवडते. `#006400` या हिरव्यावर पांढरी अक्षरं 7.4 देतात. त्यावरच महत्त्वाचा शब्द भडक लाल `#FF0000` केला की गुणोत्तर 1.9 वर घसरतं. काही रंगांधांना लाल मुळातच काळपट दिसतो, त्यांच्यासाठी तो शब्द फळ्यात बुडतो. शिक्षकाने सर्वांत महत्त्वाचा म्हणून निवडलेला शब्दच नेमका जातो, हे मला विशेष वाईट वाटतं.

व्हिडिओत आणखी एक भानगड आहे. फाइल लहान ठेवण्यासाठी व्हिडिओत उजळपणा प्रत्येक बिंदूचा साठवतात, रंग मात्र सहसा चार बिंदूंमागे एकदाच. त्यामुळे फक्त रंगाच्या फरकावर उभं असलेलं अक्षर कडांना फाटतं, मग बघणाऱ्याचे डोळे धडधाकट का असेनात. निळ्यावर लाल, 2.1:1, हे याचं ठळक उदाहरण. देवनागरीत याचा पहिला बळी अनुस्वार. 'अंक'मधला ठिपका पुसला गेला, तर मुलाच्या वहीत 'अक' उतरतं.

हलत्या चित्रावर शब्द टाकायचे असतील तर गुणोत्तर क्षणाक्षणाला बदलतं, कारण मागचं आकाश कधी पांढरं, कधी करडं. अक्षरांमागे काळी पट्टी घाला, पण पुरेशी दाट. चित्रात निव्वळ पांढरं आलं की 40 टक्के दाट पट्टीवर पांढरी अक्षरं 2.8 पर्यंतच पोहोचतात. 60 टक्के केली की 5.7.

तपासायला पैसे लागत नाहीत. क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडून `Rendering` मधल्या `Emulate vision deficiencies` खाली `Deuteranopia` आणि `Protanopia` निवडा, आणि आपला व्हिडिओ चालवा. फोन कृष्णधवल करून पाहिलं तर अक्षरांचा उजळपणा कळतो, पण रंगांधाला दोन रंग वेगळे दिसतील की नाही हे त्यावरून ठरत नाही. संगणकावरचं हे सोंगही अंदाजेच असतं, कारण दोषाची तीव्रता माणसागणिक वेगळी. तेव्हा ओळखीत कुणी रंगांध असेल तर प्रकाशित करण्यापूर्वी एकदा त्यालाच दाखवा, आणि आवाज बंद ठेवून विचारा: यात पुरवठ्याची रेषा कोणती?